कर्ज देणारे ॲप खरे की बनावट? कागदपत्रे देण्यापूर्वी अशी करा खातरजमा

मोबाइलवरून काही मिनिटांत कर्ज देणारे ॲप बहुतेक वेळा स्वतः कर्ज देत नाही. पैसे देणारी संस्था ही एखादी बँक किंवा रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी झालेली बिगर बँकिंग वित्तीय कंपनी (एनबीएफसी) असते. ॲप हे केवळ मध्यस्थ असते. त्यामुळे ॲप किती आकर्षक आहे यापेक्षा त्यामागे कर्ज देणारी संस्था कोणती, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने २०२१ मध्ये आढळलेल्या सुमारे १,१०० कर्ज ॲपपैकी सुमारे ६०० बेकायदा असल्याचे नमूद केले होते.

दोन्ही बाजूंनी पडताळणी

बनावट ॲपची नेहमीची युक्ती म्हणजे खऱ्या एनबीएफसीचे नाव आणि तिचे नोंदणी प्रमाणपत्र स्वतःच्या पानावर झळकवणे. अर्जदार ते नाव रिझर्व्ह बँकेच्या यादीत शोधतो, ते सापडते आणि तो निश्चिंत होतो. मात्र यातून कंपनी खरी असल्याचे तेवढे सिद्ध होते. ॲप तिचेच आहे, हे सिद्ध होत नाही.

म्हणून पडताळणी उलट दिशेनेही करावी लागते. बँका आणि एनबीएफसींनी आपल्यासाठी काम करणाऱ्या ॲपची आणि मध्यस्थ कंपन्यांची यादी स्वतःच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे. कंपनीचे संकेतस्थळ ॲपमधील दुव्यावरून न उघडता स्वतंत्रपणे शोधावे आणि त्या यादीत ॲपचे नाव आहे का, ते पाहावे. याशिवाय रिझर्व्ह बँकेच्या rbi.org.in या संकेतस्थळावर ‘Citizen's Corner’ विभागात अशा ॲपची एकत्रित सूची जुलै २०२५ पासून उपलब्ध आहे.

या सूचीची एक मर्यादा लक्षात घेणे आवश्यक आहे. तिच्यातील माहिती कर्ज देणाऱ्या संस्थांनी स्वतः सादर केलेली असते. रिझर्व्ह बँक प्रत्येक ॲपची तपासणी करून त्याला मान्यता देत नाही. ‘आरबीआय मान्यताप्राप्त ॲप’ ही जाहिरात त्यामुळेच दिशाभूल करणारी ठरते. नावातील एखाद्या अक्षराचा फरकही तपासावा. संदेशातील दुव्यावरून आलेली एपीके फाइल मोबाइलमध्ये घेऊ नये.

एक उदाहरण

समजा, एका ॲपने ५,००० रुपयांचे कर्ज सात दिवसांसाठी मंजूर केले. ‘प्रक्रिया शुल्क’ कापून खात्यात ३,२०० रुपये जमा झाले आणि आठव्या दिवशी पूर्ण ५,००० रुपयांची मागणी झाली. म्हणजे ३,२०० रुपयांवर आठवड्याला १,८०० रुपये, अर्थात ५६ टक्क्यांहून अधिक आकारणी झाली. वार्षिक हिशेबाने हा दर २,९०० टक्क्यांच्या पुढे जातो.

हा खर्च करारापूर्वीच उघड व्हायला हवा. त्यासाठी कर्जदाराला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे मुख्य अटींचे विवरणपत्र, देणे बंधनकारक आहे. सर्व शुल्कांसह वार्षिक दर, वसुलीची पद्धत आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील त्यात असतो. विवरणपत्रात नसलेले शुल्क कर्जदाराकडून घेता येत नाही. हे विवरणपत्र न देता स्वाक्षरी किंवा ओटीपी मागणारे ॲप तेथेच बंद करावे. गुगल प्ले स्टोअरच्या धोरणानुसारही ६० दिवसांत किंवा त्याआधी संपूर्ण परतफेड मागणाऱ्या वैयक्तिक कर्ज ॲपला परवानगी नाही.

परवानग्या आणि पैशांचा मार्ग

केवायसीसाठी कॅमेरा, मायक्रोफोन किंवा स्थान यांची परवानगी संमतीने एकदाच घेता येते. संपर्क यादी, कॉलची नोंद, छायाचित्रे आणि फाइल्स पाहण्यास मात्र कर्ज ॲपला मनाई आहे. बनावट ॲपला नेमकी हीच माहिती हवी असते. पुढे नातेवाइकांना फोन करून किंवा विकृत केलेली छायाचित्रे पाठवून खंडणी उकळली जाते.

कर्जाची रक्कम संस्थेकडून थेट कर्जदाराच्या खात्यात आणि हप्ता थेट संस्थेच्या खात्यात जाणे अपेक्षित आहे. मध्यस्थाचे शुल्क संस्थेने द्यायचे असते. त्यामुळे ‘विमा’ किंवा ‘ठेव’ म्हणून एखाद्या व्यक्तीच्या यूपीआय क्रमांकावर आगाऊ पैसे मागितल्यास तो फसवणुकीचा स्पष्ट संकेत समजावा.

माहिती आधीच दिली असल्यास

ॲपच्या परवानग्या त्वरित रद्द कराव्यात. संदेश, कॉल आणि व्यवहारांची छायाचित्रे जपून ठेवून मगच ॲप काढून टाकावे. बँकेला कळवून खात्यातून आपोआप पैसे वळते करण्याची दिलेली मंजुरी थांबवावी. आर्थिक फसवणूक किंवा धमकी झाल्यास १९३० या क्रमांकावर किंवा cybercrime.gov.in वर, तर अनधिकृत कर्ज व्यवसायाबाबत sachet.rbi.org.in वर तक्रार नोंदवता येते. आपल्या नावावर परस्पर दुसरे कर्ज घेतले गेले आहे का, हे नंतर पतमाहिती अहवालातून तपासावे. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो.