जुने वाहन खरेदी : कागदपत्रांची पडताळणी (उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर)

वापरलेले वाहन विकत घेण्याआधी त्याची नोंदणी, त्यावरील कर्जाचा बोजा आणि थकीत वाहतूक दंड तपासण्याची क्रिया. या तीन गोष्टींच्या नोंदी तीन ठिकाणी असतात. नोंदणी परिवहन खात्याच्या ‘वाहन’ प्रणालीत, कर्ज बँकेच्या किंवा फायनान्स कंपनीच्या खात्यात आणि दंड वाहतूक पोलिसांच्या ई-चलन यंत्रणेत. एका ठिकाणी झालेला बदल दुसरीकडे आपोआप उमटेलच असे नसते. कर्ज फिटलेले असूनही आरसीवर बँकेचे नाव राहते, तर आरसी निखळ असूनही चलने साचलेली असतात. फसवणुकीइतकाच त्रास या अंतरातून होतो.

उस्मानपुऱ्यातील व्यवहार बहुधा एमएच-20 क्रमांकाच्या गाड्यांचे असतात. शहराचे नाव 2023 मध्ये बदलले, त्यामुळे जुन्या आरसीवर ‘औरंगाबाद’ छापलेले असते. तो दोष नव्हे आणि तेवढ्यासाठी नवी आरसी काढावी लागत नाही.

आरसी हातात घेऊन वाचण्यापेक्षा गाडीचा क्रमांक एमपरिवहन ॲपमध्ये किंवा vahan.parivahan.gov.in वर टाकणे अधिक उपयोगी, कारण कार्ड ज्या दिवशी छापले त्या दिवसाचेच सांगते. पडद्यावर नोंदणीची स्थिती, विम्याची मुदत आणि कर्जाची नोंद कळते. मालकाचे नाव मात्र तिथे अर्धे झाकलेले असते. म्हणून विक्रेत्याने स्वतःच्या डिजिलॉकरमधून आरसी उघडून दाखवावी, असा आग्रह धरावा. त्यानंतर चेसिस क्रमांक प्रत्यक्ष गाडीवर पाहायचा. तो सतरा अक्षरांचा असतो आणि त्यात I, O, Q ही इंग्रजी अक्षरे कधीच नसतात. कोरलेल्या जागी कागद धरून पेन्सिल घासली की छाप उठते. ती आरसीशी अक्षर-अक्षर जुळवावी. एखादा आकडा रांगेबाहेर, कमी खोल किंवा घासलेल्या पत्र्यावर दिसला तर सौदा तिथेच थांबवावा. इंजिन बदललेले असेल आणि त्याची नोंद नसेल, तर हस्तांतराच्या वेळी इंजिन क्रमांकाची विसंगती आडवी येते.

कर्जाचा भाग सर्वांत गुंतागुंतीचा. आरसीवरील कर्जाच्या नोंदीला बोलण्यात ‘एचपी’ म्हणतात. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 51 नुसार अशी नोंद असताना कर्जदात्याच्या लेखी संमतीशिवाय मालकी बदलत नाही. ‘हप्ते कधीच फिटले, फक्त एचपी काढायची राहिली’ हे विक्रेत्याचे वाक्य पुष्कळदा खरेही असते, पण नोंद उतरवायला बँकेचे ना-हरकत पत्र आणि तिच्या सहीशिक्क्याचा नमुना 35 लागतो. जुन्या पत्रावर मुदत छापलेली असू शकते. ती उलटली असेल तर बँकेकडून नवे पत्र आणावे लागते. काही वेळा गाडीचे हप्ते संपूनही बँक पत्र अडवते, कारण त्याच ग्राहकाचे दुसरे कर्ज किंवा क्रेडिट कार्ड थकलेले असते. गाडीवर वाढीव कर्ज घेतले असेल तर आरसीवर बँकेचे नाव तेच राहते आणि बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून हप्ते संपल्याच्या संदेशावर न विसंबता त्या दिवशीचा कर्जखाते-उतारा मागवावा.

समजा, एका मोटारीचा सौदा 3,10,000 रुपयांना ठरला आणि बँकेच्या फोरक्लोजर पत्रात 1,26,000 रुपये येणे आहे. खरेदीदाराने ही रक्कम विक्रेत्याच्या हाती न देता थेट त्या कर्जखात्यात भरावी. पत्रावरची मुदत पाहावी, कारण तारीख उलटली की रोजचे व्याज वाढते आणि काही रुपयांसाठी खाते उघडे राहते. उरलेल्या 1,84,000 रुपयांपैकी मोठा भाग ना-हरकत पत्र आणि नमुना 35 हाती येईपर्यंत देऊ नये. हा क्रम विक्रेत्याला अपमानास्पद वाटतो. तरीही तो सोडू नये, कारण पूर्ण पैसे मिळालेल्या माणसाला बँकेत पुन्हा खेपा घालण्याची घाई नसते.

ऑनलाइन नोंदीत न दिसणारा एक बोजा असतो. आरसीचे मूळ कार्ड खासगी सावकाराकडे ठेवून उचललेले पैसे. असा मालक कधी ‘हरवले’ सांगून दुय्यम आरसी काढतो. दुय्यम प्रत म्हणजे लबाडीच असे नाही, पण मूळ कार्ड कुठे व कधी हरवले हे विचारावे आणि तक्रारीचा कागद पाहावा.

चलने दोन ठिकाणी पाहावी लागतात. महाराष्ट्रातली mahatrafficechallan.gov.in वर आणि परराज्यातली echallan.parivahan.gov.in वर. राज्याच्या संकेतस्थळाला गाडी क्रमांकासोबत चेसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लागतात. वरच्या मोटारीवर समृद्धी महामार्गावरील वेगाची प्रत्येकी 2,000 रुपयांची दोन चलने निघाली, तर 4,000 रुपये वजा करून घेण्यापेक्षा विक्रेत्याकडूनच भरून पावती घेणे सोयीचे. प्रत्येक चलनाला जोडलेले छायाचित्र उघडून पाहावे. समोरची गाडी पांढरी आणि छायाचित्रात राखाडी असेल, तर हाच क्रमांक लावून दुसरी गाडी फिरत असण्याची शक्यता असते. मग प्रश्न दंडाचा न राहता पोलीस तक्रारीचा होतो. कॅमेऱ्याने टिपलेले चलन नोंदीत यायला काही दिवस लागू शकतात, म्हणून शोध दोनदा घ्यावा : सौदा ठरताना आणि उरलेली रक्कम देण्याच्या सकाळी.

सह्या घ्यायच्या कागदांना बाजारात ‘टीटी फॉर्म’ म्हणतात. ते नमुने 29 आणि 30. कलम 50 प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्रेत्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचे असते. रेल्वे स्टेशन रस्त्यावरील कार्यालयात फाइल टाकण्यापूर्वी अर्ज ऑनलाइन भरावा लागतो आणि त्यात विक्रेत्याच्या नोंदलेल्या मोबाइलचा ओटीपी मागितला जाऊ शकतो. तो क्रमांक बंद असेल तर सह्या असूनही काम अडते, तेव्हा त्यावर एकदा फोन लावून पाहावा. 1 एप्रिल 2019 पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा पाटी लावलेली आहे का, हेही पाहून घ्यावे. पाटी नसताना हस्तांतर अडवले जाते. परराज्यातील गाडीला नमुना 28 चे ना-हरकत पत्र आणि इथला कर हा वेगळा खर्च येतो.

कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या घेऊन गाडी तशीच पुढे विकण्याची रीत दलालांत जुनी आहे. 1 एप्रिल 2023 पासून केंद्रीय नियमांनी जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना अधिकृत परवाना घेण्याची आणि गाडी ताब्यात आल्याचे नमुना 29सीने कळवण्याची सोय केली. असे विक्रेते त्या काळापुरते मानीव मालक ठरतात. त्याबाहेर कायदा नोंदीतल्या नावालाच मालक मानतो. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या 2018 च्या खटल्यात गाडी एकामागून एक हातांत गेली होती, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी सर्वोच्च न्यायालयाने नोंदणीकृत मालकावर ठेवली. त्यामुळे ताबापावतीवर तारखेसोबत वेळही लिहितात, उदाहरणार्थ सायंकाळी 6.40, आणि किलोमीटर वाचनही. त्याच संध्याकाळी क्रांती चौकाच्या सिग्नलवर चलन फाटले तर ते कोणाचे, हे त्या एका ओळीवरून दोघांत ठरते.