संसर्गातील साखरवाढ (मधुमेह)

मधुमेहीला ताप, गळू वा लघवीचा संसर्ग झाला की ताणाची संप्रेरके यकृताला साखर सोडायला लावतात. रक्तातील साखर साधारण १८० मिग्रॅ/डेलीपलीकडे गेली की ती लघवीत उतरते आणि पाणी ओढून नेते. म्हणून वारंवार लघवी व तहान. समजा, भिवंडीतील यंत्रमाग कामगाराच्या पायाला गळू झाले आणि जेवण घटले म्हणून त्याने इन्शुलिन थांबवले. ही घातक चूक, कारण उपाशीपोटीही साखर चढते. इन्शुलिन सुरू ठेवून मात्रा डॉक्टरांना विचारावी, दर चार तासांनी साखर तपासावी, घोट घोट साधे पाणी प्यावे. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाणही विचारून घ्यावे. उलट्या होत असल्यास मधुमेहाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना लगेच विचारावे. साखर ३००वर टिकली, उलट्या थांबेनात, श्वास खोल व जलद झाला, ग्लानी आली, तर १०८ला फोन करून रुग्णालय गाठावे.