हिस्टिडीन-टॅग असलेल्या प्रथिनाचे निकेल स्तंभावरील शुद्धीकरण

जिवाणूंमध्ये तयार करून घेतलेले एखादे प्रथिन इतर असंख्य प्रथिनांतून वेगळे काढण्याची ही एक रीत आहे. इच्छित प्रथिनाच्या एका टोकाला, जनुकाच्या पातळीवरच, सहसा सहा हिस्टिडीनांची साखळी जोडलेली असते. या साखळीस हिस्टिडीन-टॅग म्हणतात. ती निकेलला धरून राहते आणि इमिडॅझोल घातल्यावर सुटते. धातूंच्या आयनांवर प्रथिने वेगळी करण्याची कल्पना येर्केर पोराथ व सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये मांडली. हिस्टिडीन-टॅगसह तिचा वापर १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात एरिक होखुली व सहकाऱ्यांनी रूढ केला.

वऱ्हाडातील एक उदाहरण

२०१७ च्या खरिपात विदर्भातील बीटी कापसावर गुलाबी बोंडअळीचा मोठा प्रादुर्भाव झाला. अकोला आणि अमरावती या कापूसपट्ट्यातील जिल्ह्यांनाही त्याची झळ पोहोचली. बीटी कापसातील क्राय१एसी हे विषारी प्रथिन अळीच्या आतड्यातील कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटते. भारतातील प्रतिकारक्षम अळ्यांत या कॅडहेरिनच्या जनुकात बदल आढळले आहेत. बदललेल्या कॅडहेरिनला विष चिकटते की नाही, हे पाहण्यासाठी त्याचा विष धरणारा तुकडा ई. कोलाय जिवाणूत टॅगसह तयार करता येतो. मात्र तो तुकडा शुद्ध नसेल, तर दिसलेले चिकटणे कॅडहेरिनचे की सोबत आलेल्या जिवाणूच्या प्रथिनाचे, हे सांगता येत नाही.

इमिडॅझोलचे कार्य

निकेल आयनाला बंध जोडण्यासाठी सहा जागा असतात. स्तंभातील मण्यांवरचा एनटीए हा रेणू त्यांपैकी चार व्यापतो. उरलेल्या दोन जागा हिस्टिडीनसाठी मोकळ्या राहतात. हिस्टिडीनच्या बाजूच्या शाखेत जे वलय असते, तेच इमिडॅझोल. म्हणून द्रावणात इमिडॅझोल घातले की ते त्याच जागांसाठी स्पर्धा करते. एखादा-दुसरा हिस्टिडीन असलेली जिवाणूची प्रथिने थोड्या इमिडॅझोलनेच सुटतात, तर सहा हिस्टिडीनांच्या टॅगला सोडवण्यास पुष्कळ अधिक लागते. या दोन मात्रांमधील अंतरावर सारी रीत उभी आहे.

कृती

तिन्ही द्रावणांत ५० मिलिमोलर सोडियम फॉस्फेट व ३०० मिलिमोलर मीठ असते आणि त्यांचा पीएच ८ असतो. इमिडॅझोल मात्र बांधणीच्या द्रावणात १०, धुण्याच्या २० आणि सोडवण्याच्या २५० मिलिमोलर ठेवतात. यासाठी आधी २ मोलर साठाद्रावण करतात. १३.६ ग्रॅम इमिडॅझोल थोड्या पाण्यात विरघळवून हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच ८ वर आणायचा आणि मग आकारमान १०० मिलिलिटर करायचे. प्रत्येकी १०० मिलिलिटर द्रावणात या साठ्यातील अनुक्रमे ०.५, १ व १२.५ मिलिलिटर घालतात. इमिडॅझोल आम्लारिधर्मी असल्याने पीएच जुळवणे विसरू नये. उलट आम्ल जास्त होऊन पीएच ६ च्या खाली गेला, तर हिस्टिडीनवर प्रोटॉन बसतो आणि निकेलची पकड सुटते.

जिवाणू थंड स्थितीत फोडून अर्क गाळला जातो व १ मिलिलिटर मण्यांच्या स्तंभावरून सावकाश सोडला जातो. त्यानंतर १० ते २० मिलिलिटर धुण्याचे द्रावण वाहवतात. शेवटी सोडवण्याचे द्रावण अर्ध्या अर्ध्या मिलिलिटरने घालून प्रत्येक भाग वेगळ्या नळीत धरतात. अर्कात ईडीटीए असू नये, कारण ते निकेलच ओढून नेते व निळसर स्तंभ पांढरा पडतो. डीटीटीसारख्या क्षपणकांमुळे तो तपकिरी होतो.

दोष कसा ओळखावा

मूळ अर्क, न चिकटता वाहून आलेला भाग, धुण्याचे पाणी आणि सुटलेले भाग हे सर्व एकाच जेलवर शेजारी शेजारी चालवतात. हे न करता केवळ शेवटची नळी पाहणे फसवे ठरते. कॅडहेरिनचा पट्टा वाहून आलेल्या भागात दिसला, तर टॅग प्रथिनाच्या घडीत दडला असण्याची शक्यता असते. अशा वेळी ८ मोलर युरियात घडी उलगडून शुद्धीकरण करतात. मात्र नंतर प्रथिनाला पुन्हा योग्य घडी घालावी लागते आणि ते नेहमी साधतेच असे नाही. पट्टा धुण्याच्या पाण्यात असेल, तर तेथील इमिडॅझोल जास्त झाले आहे. सुटलेल्या भागात २५ किलोडाल्टनच्या आसपास अनाहूत पट्टा असल्यास एसएलवायडी या ई. कोलायच्या हिस्टिडीन-समृद्ध प्रथिनाचा संशय घ्यावा. धुण्यातील मात्रा २० वरून ३० व मग ४० मिलिमोलर करून पाहावी. एसएलवायडीची पकड घट्ट असल्याने ते तरीही पूर्ण जाईलच असे नाही. मात्रा वाढवताना आपलेही थोडे प्रथिन वाहून जाते. विषाशी बंध तपासायचा असेल, तर ही तूट पत्करणेच योग्य.

प्रथिनाचे मोजमाप करतानाही एक फसगत होते. इमिडॅझोल स्वतः २८० नॅनोमीटरचा प्रकाश काही प्रमाणात शोषते, त्यामुळे पाण्याशी तुलना केल्यास प्रथिन आहे त्याहून अधिक भासते. तुलनेसाठी सोडवण्याचेच द्रावण वापरावे. चिकटण्याचा प्रयोग करण्यापूर्वी अपोहनाने इमिडॅझोल काढून टाकतात आणि टॅग नसलेल्या ई. कोलायचा अर्कही त्याच स्तंभावरून नेऊन त्याला विष चिकटते का, हे सोबत पाहतात.