मेनूकार्डाच्या उजव्या कडेची कुळकथा

अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये बाहेर जेवायचे तर वेळ गाठावी लागे. खानावळवाला ठरलेल्या वेळी एकाच लांब टेबलावर सगळ्यांना वाढत असे, आणि पुढ्यात येईल ते खाऊन प्रत्येकाने ठरलेली रक्कम द्यायची. आपल्याकडच्या मेसमध्ये यादी लागत नाही, तशी तिथेही लागत नव्हती. काय खायचे हे गिऱ्हाइकाने ठरवायचेच नसेल तर त्याला यादी दाखवून उपयोग काय?

ही रीत 1760च्या दशकानंतर मोडत गेली. वेगळे टेबल, हवी ती वेळ आणि हवा तोच पदार्थ, अशी सोय देणारी रेस्तराँ पॅरिसात निघाली. आंत्वान बोव्हिलिए या बल्लवाचार्याचे 1780च्या दशकातले रेस्तराँ त्यांत सर्वांत नावाजलेले. फ्रान्सिस ब्लॅग्डन या इंग्रज लेखकाने पॅरिसवरच्या 1803च्या आपल्या पुस्तकात त्याचे पदार्थपत्रक तपशिलाने नोंदवले आहे. ते इंग्रजी वर्तमानपत्राएवढे मोठे होते आणि नीट वाचायला अर्धा तास तरी हवा, असे तो म्हणतो. सूप 13 प्रकारची, मटणाचे पदार्थ 17, मासे 23, जेवणानंतरचे गोड आणि फळे मिळून 39, वाइन 52.

एवढ्या पसाऱ्यात विभाग नसते तर गिऱ्हाईक उपाशीच उठले असते. विभागांचा साचा मात्र नवा शोधावा लागला नाही. सरदारांच्या मेजवानीत पदार्थ फेऱ्याफेऱ्यांनी मांडले जात: आधी सूप आणि त्याबरोबरचे, मग भाजलेले मांस, शेवटी गोड. मेजावरचा हाच क्रम कागदावर वरून खाली उतरला. मधला भाग फार फुगला म्हणून तो मांसाच्या जातीने तोडला: गाय, वासरू, मेंढी, कोंबडी, मासे. आज आपण ‘स्टार्टर’पासून ‘डेझर्ट’पर्यंत वाचत जातो, तो क्रम त्या मेजवान्यांचाच आहे.

खरी नवलाई उजव्या कडेला होती. प्रत्येक पदार्थापुढे त्याचा स्वतंत्र भाव लिहिलेला असे, आणि भावाची जागा कोरी असली तर तो पदार्थ त्या दिवशी नाही असे समजायचे. खवय्यांचा तत्त्वज्ञ ब्रिया-सावारँ याने 1825च्या ग्रंथात रेस्तराँचे गुण सांगताना हे आवर्जून नोंदवले: भाव आधीच कळल्यामुळे माणूस आपल्या खिशाच्या मापाने जेवण ठरवू शकतो. मला हा त्या कागदाचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

पण भाव नुसता लिहून भागत नाही, तो नजरेला सापडावा लागतो. समजा, तीन पदार्थ 40, 120 आणि 1150 रुपयांचे आहेत. आकडे डावीकडून जुळवले तर 40 मधला 4 आणि 1150 मधला पहिला 1 एकाखाली एक येतात आणि तुलना फसते. उजवी कड जुळवली की एककाखाली एकक येतो, आणि कोणता आकडा किती मोठा हे न वाचताही दिसते. छापखान्यातले खिळे यासाठी सोयीचे होते, कारण कोष्टकांसाठीचे सगळे अंक एकाच रुंदीचे ओतलेले असत. अडचण येते ती आखूड नावाची. ‘चहा’ आणि त्याचा भाव यांत वीतभर रिकामी जागा पडली की नजर वरच्या ओळीवर घसरते. म्हणून मधे टिंबांची रांग घालतात किंवा रकानाच अरुंद करतात. बोट न लावता नावापासून भावापर्यंत जाता आले नाही, तर मांडणी चुकली असे समजावे.

वर्णने बऱ्याच उशिरा आली. जुन्या पत्रकात नुसते नाव असे; ‘मारेंगो’ म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही त्याने वाढप्याला विचारावे. न्यूयॉर्कच्या डेल्मॉनिको रेस्तराँने 1838च्या पत्रकात फ्रेंच नावाशेजारी इंग्रजी नाव छापले, तेवढीच मदत. आज नावाखाली एक ओळ असते. तिने मुख्य जिन्नस, शिजवण्याची रीत आणि तिखटपणा सांगितला की काम झाले. ‘लज्जतदार’ या शब्दाने पानात काय पडणार हे कळत नाही.

भावाच्या बाबतीत मात्र अलीकडे उलटा प्रवास सुरू आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2009 साली एका रेस्तराँतली पाहणी प्रसिद्ध केली. डॉलरचे चिन्ह किंवा शब्द न लिहिता नुसता आकडा छापला, तेव्हा लोकांनी जास्त खर्च केला. मेनू आखून देणारे सल्लागारही चिन्ह काढा, भावांचा रकाना मोडा आणि आकडा वर्णनाच्या शेवटी दडवा असे सांगतात. चिन्ह काढायला माझी हरकत नाही. रकाना मोडण्याला आहे, कारण तो गिऱ्हाइकासाठी आखला गेला होता. हॉटेलमालकांनी मेनू नव्याने छापताना विभाग बदलावेत, वर्णने छाटावीत, पण उजवी कड सरळ ठेवावी.