बीडीव्ही कमी आला की तेल फिल्टर करायचं की रिक्लेम? ट्रान्सफॉर्मर ऑइलमधला ओलावा समजून घेऊ

ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचा रिपोर्ट आला की बहुतेक जण आधी बीडीव्हीचा आकडा बघतात. ३० केव्हीच्या वर असला तर फाइल बंद, खाली असला तर फिल्टर मशीनवाल्याला फोन. मी गेली काही वर्षं ३३/११ केव्ही ट्रान्सफॉर्मरच्या देखभालीचं काम करतो, आणि या एका आकड्यावरून घेतलेले निर्णय बऱ्याचदा अर्धवट ठरलेले पाहिले आहेत. हा आकडा नेमकं काय सांगतो आणि काय सांगत नाही, ते एका कारखान्यातल्या दोन ट्रान्सफॉर्मरच्या उदाहरणातून बघू.

बीडीव्ही टेस्टमध्ये काय होतं?

बीडीव्ही म्हणजे ब्रेकडाउन व्होल्टेज. टेस्ट कपमध्ये दोन इलेक्ट्रोडमध्ये २.५ मिलिमीटर अंतर ठेवतात. कप त्याच तेलाने धुऊन मग भरतात, बुडबुडे जाईपर्यंत पाच मिनिटं थांबतात आणि सेकंदाला २ केव्ही या वेगाने व्होल्टेज वाढवत नेतात. ठिणगी पडली की तो एक रीडिंग. दोन-दोन मिनिटांच्या अंतराने असे सहा रीडिंग घेऊन त्यांची सरासरी काढतात. वापरात असलेल्या तेलासाठी आयएस १८६६ मध्ये ७२.५ केव्हीपेक्षा कमी क्षमतेच्या ट्रान्सफॉर्मरला किमान ३० केव्ही ही मर्यादा आहे.

सरासरीइतकंच सहा रीडिंगमधल्या फरकाकडेही बघा. तेलात पूर्ण विरघळलेलं थोडं पाणी फारसं त्रास देत नाही. त्रास होतो तो कागदाचे बारीक तंतू तेलात असतील तेव्हा. हे तंतू पाणी शोषून घेतात, इलेक्ट्रोडच्या मध्ये ओढले जातात आणि त्यांचा जणू पूल तयार होतो. तंतू मध्ये आला तर ठिणगी लवकर पडते, नाही आला तर उशिरा. म्हणून रीडिंग एकमेकांपासून फार लांब असतील तर तेलात ओलाव्याबरोबर कचराही आहे, असं समजायचं.

पीपीएम बघताना तापमान का लागतं?

तेलात किती पाणी मावतं ते तापमानावर ठरतं. साध्या मिनरल तेलासाठी अंदाजे आकडे असे:

| तेलाचं तापमान | मावणारं जास्तीत जास्त पाणी |
|---|---|
| १५ अंश | ४५ पीपीएम |
| २५ अंश | ६८ पीपीएम |
| ५५ अंश | २०५ पीपीएम |

म्हणजे ३८ पीपीएम पाणी असलेलं तेल ५५ अंशाला फक्त १९ टक्के भरलेलं असतं. तेच तेल लॅबमध्ये २५ अंशावर आलं की ५६ टक्के भरतं, आणि १५ अंशाला जवळजवळ काठोकाठ. खरी भीती इथेच आहे. चालू असताना ठीक वाटणारा ट्रान्सफॉर्मर थंडीत दोन दिवस बंद राहिला की तेलातलं पाणी बाहेर पडायच्या बेतात येतं, आणि तसाच थंड असताना चार्ज केला तर फ्लॅशओव्हर होऊ शकतो. त्यामुळे सॅम्पल घेताना तेलाचं तापमान बाटलीवर लिहायलाच हवं. सॅम्पल खालच्या व्हॉल्व्हमधून, आधी लिटरभर तेल सोडून, कोरड्या बाटलीत घ्या. पाऊस असेल तर त्या दिवशी घेऊच नका.

उदाहरण: पहिला ट्रान्सफॉर्मर

५ एमव्हीए, ३३/११ केव्ही, तेल ३,५०० लिटर. पावसाळ्यानंतर ५५ अंशाला घेतलेल्या सॅम्पलचे रीडिंग होते १९, ३१, २२, २८, १७ आणि २७. सरासरी २४ केव्ही. पाणी ३८ पीपीएम. ब्रीदरमधली सिलिका जेल पूर्ण गुलाबी झालेली आणि ब्रीदरच्या कपात तेलच नव्हतं, म्हणजे बाहेरची दमट हवा थेट आत जात होती.

आधी ब्रीदर नीट केला, नाहीतर पुढचं सगळं वाया गेलं असतं. मग शटडाउन घेऊन फिल्टर मशीन लावलं. हे मशीन तेल ६० ते ६५ अंशापर्यंत तापवतं, बारीक फिल्टरमधून गाळतं आणि व्हॅक्यूममध्ये त्यातलं पाणी आणि हवा काढून घेतं. तेल टाकीच्या खालून घेऊन वरून परत सोडतात. काम झाल्यावर बीडीव्ही ६५ केव्ही आणि पाणी ८ पीपीएम आलं. तेल एक दिवस स्थिर ठेवून, बुखोल्झ रिलेमधली हवा सोडून चार्ज केला.

दोन महिन्यांनी त्याच तापमानाला पुन्हा सॅम्पल घेतलं. पाणी २६ पीपीएम, बीडीव्ही ४४. कारखान्यातल्या लोकांना वाटलं मशीनवाल्याने फसवलं. तसं नव्हतं. हिशोब करून बघा. ३,५०० लिटर तेल म्हणजे साधारण ३,०५० किलो. त्यात ३८ पीपीएम म्हणजे फक्त ११६ ग्रॅम पाणी. आतला कागद आणि प्रेसबोर्ड अंदाजे ३०० किलो धरला आणि त्यात ३ टक्के ओलावा असेल, तर तिथे ९ किलो पाणी बसलेलं आहे. फिल्टरने एका वेळी सुमारे ९० ग्रॅम काढलं, कागदाने हळूहळू तेलात परत सोडलं. कागद ३ वरून २ टक्क्यांवर आणायचा तर ३ किलो पाणी काढायला हवं, म्हणजे असे तीसेक फेरे.

म्हणून तिथे पुन्हा पुन्हा शटडाउन घेण्याऐवजी चालू ट्रान्सफॉर्मरवर कमी वेगाने तेल फिरवणारा मॉलिक्युलर सीव्हचा ड्रायर बसवला. आठ महिन्यांनी त्याच तापमानाला १६ पीपीएम मिळाले. वेळ लागतो, कारण कागद घाईने पाणी सोडत नाही.

शेजारचा दुसरा ट्रान्सफॉर्मर

हा जुना. बीडीव्ही ५२ केव्ही, म्हणजे रिपोर्टवर पास. पण तेल काळ्या चहासारखं दिसत होतं. आम्लता ०.२४ आणि आयएफटी, म्हणजे तेल आणि पाणी यांच्या सीमेवरचा ताण, फक्त १७. नव्या तेलाची आम्लता ०.०३ च्या आत आणि आयएफटी ४० च्या आसपास असतो. पहिल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये हे आकडे ०.०६ आणि ३१ होते, म्हणजे ते तेल अजून तरुण होतं.

आयएस १८६६ ची शेवटची मर्यादा आम्लतेला ०.३ आहे. तिथवर थांबलं तर गाळ कागदावर आणि रेडिएटरमध्ये बसायला लागलेला असतो आणि आम्लामुळे कागदही लवकर म्हातारा होतो. फिल्टर मशीन पाणी, हवा आणि कचरा काढतं. तेलात विरघळलेलं आम्ल त्यातून सरळ निघून जातं. त्यासाठी रिक्लेम करावं लागतं: गरम तेल फुलर्स अर्थमधून, म्हणजे आपल्या मुलतानी मातीच्या जातीच्या चिकणमातीतून, आम्लता उतरेपर्यंत फिरवायचं. माती आम्ल आणि गाळ धरून ठेवते. त्यानंतर तेल सुकवायचं आणि जर ते इनहिबिटर असलेलं असेल तर डीबीपीसी ०.३ टक्क्यांपर्यंत पुन्हा घालायचं, कारण मातीवरून गेल्यावर ते कमी झालेलं असू शकतं.

मग ठरवायचं कसं?

- बीडीव्ही कमी, पाणी जास्त, आम्लता ०.१ च्या आत: ब्रीदर आणि गळती बघा, मग फिल्टर करा. दोन-तीन महिन्यांनी त्याच तापमानाला पुन्हा तपासा. पाणी परत वाढलं तर ओलावा कागदात आहे.
- बीडीव्ही कमी, पाणी कमी, रीडिंगमध्ये मोठा फरक: बहुधा कचरा किंवा तंतू. आधी सॅम्पल पुन्हा घ्या, तसंच आलं तर फिल्टर पुरेल.
- आम्लता ०.१५ च्या वर आणि आयएफटी २२ च्या खाली: बीडीव्ही कितीही चांगला असो, मी रिक्लेमचं नियोजन सुरू करतो.
- लहान डिस्ट्रिब्युशन ट्रान्सफॉर्मर, तेल दोन-चारशे लिटर: रिक्लेमचं मशीन आणण्यापेक्षा टाकी धुऊन तेल बदलणं सहसा स्वस्त पडतं.

लॅबला सॅम्पल पाठवताना बीडीव्हीबरोबर पाणी, आम्लता आणि आयएफटी या तीन टेस्ट मागून घ्या. या कारखान्यात फक्त बीडीव्ही बघितला असता तर पहिल्या ट्रान्सफॉर्मरचं तेल बदलायला निघालो असतो आणि दुसऱ्याकडे कोणी बघितलंच नसतं.