फ्लॅशमधला पक्षी: घुबड, रातवा की आणखी कोणी?

रात्री घाटातून येताना किंवा अंगणातल्या झाडावर टिपलेला एखादा पक्षी सभासद आम्हाला पाठवतात. तपकिरी अंग, चमकणारे डोळे, मागे काळोख. सोबत बहुधा एकच शब्द असतो, ‘घुबड’. बेळगाव, खानापूर आणि गोव्याच्या सीमेवरच्या रस्त्यांवर काढलेल्या अशा छायाचित्रांत बऱ्याचदा तो रातवा निघतो. रातवा हवेत उडणारे किडे धरून खातो. घुबड उंदीर-घुशी, सरडे आणि मोठे किडे पंजात पकडते. दोघांची शिकारीची रीत वेगळी, म्हणून शरीराची ठेवणही वेगळी, आणि ती फ्लॅशच्या वाईट उजेडातही बहुतेक वेळा दिसते.

आम्ही डोळ्यांपासून सुरुवात करत नाही. आधी बसणे पाहतो.

घुबडाचे पाय हेच त्याचे हत्यार. ते फांदीवर आडवे, म्हणजे फांदीशी काटकोन करून, ताठ बसते. जाड बोटे फांदीला आवळलेली दिसतात आणि बहुतेक जातींत पायांवर पिसे असतात. रातव्याचे पाय इतके आखूड आणि दुबळे की छायाचित्रात ते सहसा दिसतच नाहीत. तो जमिनीवर पोट टेकून बसतो, आणि फांदीवर बसला तर बहुधा फांदीच्या लांबीला धरून, जणू फांदीलाच आलेली गाठ. त्याचे लांब पंख मिटले की टोके जवळजवळ शेपटीपर्यंत पोहोचतात. मात्र फांदी थेट कॅमेऱ्याकडे रोखलेली असेल तर आडवे-उभे कळत नाही. अशा वेळी पायांची बोटे आणि पंखांची टोके एवढ्यावरच भिस्त ठेवावी लागते.

मग चेहरा. घुबडाचे दोन्ही डोळे माणसासारखे समोर असतात आणि त्यांच्याभोवती पिसांची चपटी तबकडी असते. ही तबकडी आवाज कानांकडे वळवते. घुबडाला डोळे खोबणीत फिरवता येत नाहीत, त्यामुळे आपल्याकडे पाहायचे तर त्याला अख्खा चेहराच वळवावा लागतो. म्हणूनच घुबडाच्या छायाचित्रांत ते इतक्या वेळा थेट आपल्याकडे रोखून पाहताना दिसते. चोच आखूड, आकडीसारखी, खाली वळलेली आणि पिसांत अर्धी बुडालेली असते.

रातव्याला तबकडी नाही. डोके चपटे, डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, आणि चोच दिसेल न दिसेल इतकी लहान. तोंड उघडले की जबडा मात्र डोळ्यांच्या मागेपर्यंत फाकतो, पण मिटल्यावर त्याचा पत्ता लागत नाही. बाजूचे डोळे असल्यामुळे त्याला आपल्याकडे तोंड वळवायची गरज पडत नाही. छायाचित्रात म्हणून बरेचदा एकच डोळा चमकतो. समोरून काढले तर दोन्ही चमकतात, पण डोक्याच्या अगदी कडांना, मध्ये भलते अंतर ठेवून.

डोळ्यांची चमक शेवटी ठेवण्याचे कारण असे, की ती फसवते. रातव्याच्या डोळ्याच्या मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा थर असतो. साध्या टॉर्चच्या झोतातही त्याचा डोळा निखाऱ्यासारखा लाल-नारिंगी पेटतो. पण मोबाइलमध्ये फ्लॅश आणि लेन्स शेजारी-शेजारी असल्याने घुबडाची बाहुलीही लालसर येऊ शकते. तेव्हा चमक नव्हे, तर बाहुलीभोवतीचे रंगीत कडे शोधावे. पिंगळ्याचे कडे पिवळे असते. अंधारात बाहुली मोठी होते आणि कडे बारीक उरते, म्हणून छायाचित्र मोठे करून पाहावे. ठळक पिवळे कडे दिसले तर तो रातवा नाही. उलट नियम मात्र लागू पडत नाही: गव्हाणी घुबडाचे डोळे काळे असतात. त्याला ओळखायला डोळे लागतही नाहीत म्हणा. बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा पुरतो. फक्त जवळून मारलेल्या फ्लॅशमध्ये तो चेहरा इतका पांढराफटक येतो की बदामाची कड पुसली जाते आणि उरतात दोन काळे ठिपके. पुष्कळ ‘भुताचे फोटो’ असेच जन्मतात.

आता एक उदाहरण. जांबोटीहून कणकुंबीकडे जाताना रात्री नऊच्या सुमारास मोबाइलवर टिपलेले छायाचित्र आमच्याकडे आले. डांबराच्या कडेला तपकिरी पक्षी, एक नारिंगी ठिपका, खाली ‘पिंगळा’ असे लिहिलेले. पिंगळा जमिनीवर उतरतो हे खरे, पण तो पायांवर उभा राहतो, पोट आणि जमीन यांत फट दिसते. इथे फट नव्हती. पक्षी रस्त्याला चिकटून, वाळक्या पानासारखा बसला होता. डोके मागून चपटे, पंखांची टोके शेपटीजवळ, गळ्याशी पांढरा डाग, आणि ठिपक्याभोवती कसलेही कडे नाही. चारही खुणा रातव्याकडे बोट दाखवतात. मात्र रातव्यांतला कुठला, हे आम्ही त्यावरून सांगितले नाही. रातव्यांच्या जाती एकमेकींसारख्या दिसतात, त्यांना आवाजावरून वेगळे करणे सोपे जाते. भारतीय रातव्याचा आवाज फरशीवर गोटी पडून उड्या मारत लवकर लवकर थांबावी तसा असतो. आवाज ऐकला नसेल तर नोंदीत नुसते ‘रातवा’ लिहिणेच प्रामाणिक.

खरा चकवा आहे तो बेडूकतोंड्या, इंग्रजीतला फ्रॉगमाउथ. पश्चिम घाटातल्या दाट जंगलात, गोव्यात मोले-तांबडी सुर्लाच्या बाजूला तो आढळतो. लांबी सुमारे २३ सेंटिमीटर, म्हणजे पिंगळ्याएवढाच. बसतो ताठ, डोळे बरेचसे समोर, वर कडे पिवळे. वर सांगितलेल्या निम्म्या खुणा त्याला घुबड ठरवतात! तिथे चोच पाहावी. घुबडाची चोच अरुंद आणि खाली वळलेली, तर याची रुंद, जवळजवळ चेहऱ्याएवढी, समोरून पाहिल्यास बेडकाच्या फाकलेल्या तोंडासारखी. चोचीच्या मुळाशी राठ केसांसारखी पिसे असतात, तबकडी नसते आणि पाय लहान असतात. दिवसा बारीक फांदीवर नर-मादी एकमेकांना चिकटून बसलेले दिसले, एक राखाडी आणि एक तांबूस, तर शंका उरत नाही.

बाकीचे सोपे आहेत. माळावर लांब पायांवर उभा, मोठ्या पिवळ्या डोळ्यांचा दिसतो तो करवानक. तळ्याकाठी लांब टोकदार चोचीचा, लाल डोळ्यांचा असेल तो रातबगळा.

ओळख पटली की एक काम उरते. पक्षी घुबड निघाला तर झाड, गल्ली किंवा ढोली ओळखू येईल असे छायाचित्र ग्रुपवर टाकू नये. जादूटोण्यासाठी घुबडे पकडली जातात, आणि दिवाळीच्या सुमारास त्यांना मागणी वाढते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार घुबड पकडणे, मारणे वा विकणे हा गुन्हा आहे. पण फोटोवरून ढोली शोधणाऱ्याला आपणच वाट दाखवू नये. छायाचित्र आमच्याकडे पाठवताना जागा वेगळ्या ओळीत लिहावी, म्हणजे ती आम्हाला बाजूला ठेवता येते. आणि पक्षी रातवा निघाला तर रस्त्याचा तो पट्टा कळवावा. दिव्यांच्या झोतात तो दिपून जागीच बसून राहतो आणि चाकाखाली येतो. तिथे गाडी सावकाश घ्यावी, आणि फोटो काढायचाच तर एकच काढून फ्लॅश बंद करावा, म्हणजे त्याला उडता येईल.