दुकानाच्या जागेची निवड

नवे किरकोळ दुकान कोणत्या गाळ्यात थाटावे हे ठरवण्याची रीत. समोरून जाणारी माणसे, आसपासची घरे, शेजारची दुकाने आणि गाळ्याचे भाडे या चारांचा तीत हिशेब असतो. पहिल्या तिघांवरून विक्रीचा अंदाज बांधायचा आणि ती विक्री भाडे पेलते का ते पाहायचे. व्यवहारात मात्र अनेक जण आधी गाळा पसंत करतात आणि आकडे मागून त्याला जुळवून घेतात.

वर्दळ गाळ्यासमोर उभे राहूनच मोजावी. दर तासाला पंधरा मिनिटे मोजून आलेल्या आकड्याची चौपट केली, की त्या तासाची वर्दळ कळते. कामाचा एक दिवस, रविवार आणि आठवडी बाजार असल्यास तो दिवस असे निदान तीन दिवस मोजणी करावी. दिवाळीच्या आठवड्यातली किंवा कॉलेजच्या सुट्टीतली मोजणी फसवी ठरते. समोरच्या फुटपाथवरची माणसे वेगळी धरावीत, कारण मध्ये दुभाजक असेल तर ती सहसा रस्ता ओलांडून येत नाहीत. निव्वळ संख्येपेक्षा माणसे कशासाठी चालली आहेत, हे महत्त्वाचे असते. लोकल पकडायला धावणारा माणूस सकाळी काही घेत नाही. तोच संध्याकाळी परतताना थांबतो. म्हणून घराकडे जाणारी बाजू फरसाणाच्या दुकानाला अधिक मोलाची. शंभरांतले किती जण खरेदी करतात हे कळण्यासाठी तशाच वस्तीतल्या तशाच दुकानाबाहेर तासभर उभे राहावे आणि पिशवी घेऊन बाहेर पडणारे मोजावेत.

एक कल्पित उदाहरण घेऊ. फरसाण-मिठाईच्या दुकानासाठी दोन गाळे पाहिले आहेत. स्टेशन रस्त्यावरच्या गाळ्यासमोरून रोज ४,००० माणसे जातात, भाडे महिना ६०,००० रुपये. सोसायट्यांच्या गल्लीतल्या गाळ्यासमोरून १,२०० जातात, भाडे २८,०००. रस्त्यावर शंभरांत दीड जण १८० रुपयांची खरेदी करतो, असे धरले तर महिन्याची विक्री ३,२४,००० होते. गल्लीत शंभरांत चार जण घरासाठी २६० रुपयांचे घेतात. विक्री ३,७४,४०० होते. विक्रीवर शेकडा ३० रुपये सुटतात आणि पगार, वीज, पिशव्या यांवर दोन्हीकडे ५०,००० जातात. रस्त्यावरचा गाळा महिन्याला १२,८०० रुपयांनी तोट्यात जातो, तर गल्लीतल्या गाळ्यात ३४,३२० उरतात.

इथेच खूश होणे धोक्याचे, कारण हा अंदाज ग्राहकक्षेत्रावर पडताळायचा राहिला आहे. ज्या परिसरातून बहुतेक गिऱ्हाईक येते ते ग्राहकक्षेत्र. नकाशावर कंपासने वर्तुळ काढून ते सापडत नाही. रेल्वेचे रूळ, नाला किंवा उड्डाणपूल आडवा आला की पलीकडची घरे हिशेबातून जातात. प्रत्यक्ष चालूनच हद्द ठरते. समजा, गल्लीपासून सात मिनिटांच्या चालीत ९०० घरे आहेत आणि दर घर फरसाण-मिठाईवर महिना १,००० रुपये खर्च करते. एकूण खर्च ९ लाख. तिथे आधीच दोन दुकाने आहेत. नव्या दुकानाने पावणेचार लाख विकायचे म्हणजे एकट्याने चाळीस टक्क्यांहून अधिक धंदा ओढायचा. तिघांत सारखी वाटणी झाली तर तीन लाखच येतात आणि हातात १२,००० उरतात. दोन अंदाजांत तफावत असेल तर लहान आकडा धरावा. खर्च भागायला या गाळ्यात २,६०,००० ची विक्री लागते. तीन लाख त्याहून वर आहेत, म्हणून गाळा तगतो. मालकाच्या स्वतःच्या श्रमांचा मोबदला मात्र याच १२,००० त आला.

प्रतिस्पर्धी नेहमी धंदा खातोच असे नाही. साड्या, दागिने, पुस्तके यांत गिऱ्हाईक चार दुकाने फिरून तुलना करते, म्हणून पुण्यातला लक्ष्मी रस्ता किंवा अप्पा बळवंत चौक, मुंबईतला झवेरी बाजार अशा पेठांत एकाच मालाची दुकाने खेटून तग धरतात. दूध, किराणा, फरसाण यांसाठी कोणी फिरत बसत नाही. तिथे नवे दुकान जुन्यांच्या गल्ल्यातूनच वाटा घेते. एखाद्या गाळ्यात त्याच धंद्याची दुकाने लागोपाठ बंद पडली असतील, तर त्याचे कारण शेजारच्या पानवाल्याला बहुधा ठाऊक असते.

भाड्याच्या आकड्यात दरवर्षीची वाढ, सोसायटीचा देखभाल खर्च आणि अडकून पडणारे डिपॉझिट मिळवावे लागते. वरच्या उदाहरणात भाडे दरसाल दहा टक्के वाढून विक्री तेवढीच राहिली, तर तिसऱ्या वर्षी ते ३३,८८० होते आणि शिल्लक निम्म्यावर येते. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार बंधनकारक आहे. वाढीचा दर आणि मुदतीआधी गाळा सोडण्याची अट त्या करारातच लिहून घेतात.